स्क्रीनशॉट आहे, पण व्यवहार कुठे आहे?

इंदिरानगरमधल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटचं भांडण घेऊ. माणसं आणि आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशी भांडणं नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत वर्षाला दोन-तीन तरी होतात. घरमालक निवृत्त गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. भाडेकरू अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. अकरा महिन्यांचा करार संपला, पोरगा घर सोडायला निघाला आणि म्हणाला, "काका, माझं ४५,००० डिपॉझिट परत द्या." काका म्हणाले, "अरे, तू १५,००० दिलेस. उरलेले पुढच्या पगाराला देतो म्हणालास, ते आलेच नाहीत."

पोरानं तिथल्या तिथे दोन स्क्रीनशॉट पाठवले. पहिला पेमेंट ॲपचा: हिरवी खूण, काकांचं नाव, ४५,००० रुपये, तारीख, वेळ. दुसरा चॅटचा. त्यात पोरगा विचारतोय, "मिळाले का काका?" आणि काकांचं उत्तर, "हो, मिळाले." पुढे हेच दोन स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर गेले आणि तासाभरात काका लबाड ठरले. ग्रुपवर निकाल फार लवकर लागतात.

काकांकडे दाखवायला चित्र नव्हतं. फक्त "मला एवढेच मिळाले" हे तोंडी वाक्य होतं. समोर हिरवी खूण असलेलं चित्र आणि इकडे नुसतं वाक्य, अशा वेळी माणसं चित्राच्या बाजूने जातात. म्हणूनच हे चित्र नेमकं कशाचं असतं, ते बघायला हवं.

पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो

स्क्रीनशॉट घेतो तेव्हा फोन एकच काम करतो. त्या क्षणी पडद्यावर ज्या रंगाचे ठिपके दिसत असतात, ते जसेच्या तसे एका चित्राच्या फाइलमध्ये उतरवतो. तो आकडा बँकेकडून आला, ॲपने आणला की कुणी हाताने टाइप केला, हे फोनला कळत नाही आणि फाइलमध्येही कुठे लिहिलं जात नाही. बँकेची सही, शिक्का, सर्व्हरशी जोडणारी खूण यातलं काहीही त्या चित्रात नसतं. ४५,००० हा पाच अंकांचा आकडा असला तरी फाइलच्या लेखी तो फक्त काळ्या ठिपक्यांचा आकार आहे.

आपल्या उदाहरणात १५,००० चे ४५,००० करायला एकच अंक बदलावा लागतो. ४ हा अंक कुठून आणायचा? त्याच पडद्यावर तारखेत, वेळेत किंवा व्यवहार क्रमांकात तो बहुतेक वेळा असतोच, किंवा दुसऱ्या व्यवहाराच्या स्क्रीनशॉटमधून उचलता येतो. फोनमधल्या साध्या फोटो एडिटरने तो कापून योग्य जागी चिकटवला, की अक्षराचं वळणही तेच राहतं. पाच मिनिटांचं काम, आणि त्याला कसलंही शिक्षण लागत नाही.

एवढाही त्रास न घेणारे लोक आहेत. पेमेंट ॲपसारखी हुबेहूब दिसणारी बनावट ॲप्स फिरतात. त्यात नाव, रक्कम आणि वेळ भरली की यशस्वी पेमेंटचा पडदा तयार होतो, वर तोच आवाजही वाजतो. अशा पडद्याचा स्क्रीनशॉट कुठेही एडिट केलेला नसतो, कारण मूळ पडदाच खोटा असतो. शालिमारला किंवा मेन रोडला गर्दीच्या वेळी गल्ल्यावरच्या माणसाला गिऱ्हाईक फोन दाखवून निघून जातं, ते याच भरवशावर.

कॉम्प्युटरवर तर गोष्ट आणखी सोपी. ब्राउझरमध्ये उघडलेलं कुठलंही पान तुमच्या मशीनवर आलेली एक प्रत असते आणि त्या प्रतीत तुम्ही काहीही बदलू शकता. विश्वास बसत नसेल तर एखाद्या बातमीच्या पानावर F12 दाबा, Console उघडा आणि ही ओळ टाका:

```
document.designMode = "on"
```

आता मथळ्यावर क्लिक करून हवं ते टाइप करा. वर्तमानपत्राच्या सर्व्हरवर काहीच बदललेलं नसतं, पान पुन्हा लोड केलं की मूळ मथळा परत येतो. पण मधल्या काळात घेतलेला स्क्रीनशॉट तुमचाच मथळा दाखवेल, त्याच टायपात आणि त्याच पत्त्यासह. नेट बँकिंगच्या पानाचं किंवा ब्राउझरमधल्या चॅटचंही असंच आहे.

तज्ज्ञाला तरी कळतं का?

लोकांना वाटतं, "फॉरेन्सिकला दिलं की कळेल." कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोबद्दल यात तथ्य आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरमुळे प्रत्येक फोटोभर बारीक दाणे पसरलेले असतात, उजेड आणि सावली एका दिशेची असते आणि कॅमेरा फाइलमध्ये मॉडेल, वेळ, कधी कधी जागाही नोंदवतो. त्यात दुसरीकडचा तुकडा चिकटवला तर दाण्यांची घडी मोडते, आणि ती मोडलेली घडी शोधता येते.

स्क्रीनशॉटला दाणे नसतात. पांढरं ते सपाट पांढरं, काळं ते सपाट काळं. एकाच आकाराचा ४ हा अंक पडद्यावर कुठेही आला तरी जवळपास त्याच ठिपक्यांनी काढलेला असतो. त्यामुळे एका जागचा अंक दुसऱ्या जागी नीट बसवला तर मोडायला काही घडीच उरत नाही. त्यात ते चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवलं असेल तर व्हॉट्सॲप त्याला पुन्हा दाबून लहान करतं आणि मूळ फाइलमधली जोडमाहितीही जाते. चार ग्रुप फिरून आलेल्या चित्रावर जे पुसट डाग दिसतात, ते खाडाखोडीचे की नुसत्या दाबण्याचे, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी त्याच्यापासून दोन हात लांब राहीन.

तरीही बघण्यासारखं काही असतं. नवख्या माणसाचं काम बऱ्याचदा उघडं पडतं: रकमेतला स्वल्पविराम चुकीच्या जागी, वर पट्टीवर दुपारची वेळ आणि व्यवहार रात्रीचा, एका अंकाची जाडी वेगळी, अक्षरी रक्कम एक आणि आकड्यातली दुसरी. यातलं काही सापडलं तर स्क्रीनशॉट संशयास्पद आहे, एवढं म्हणता येतं. काहीच सापडलं नाही, तर त्यावरून तो खरा आहे असं मात्र म्हणता येत नाही. दुकानदार इथेच फसतात. चित्र निरखून बघतात, चूक सापडत नाही आणि माल देऊन टाकतात.

खरी नोंद कुठे असते

आता काकांनी काय करायचं ते पाहू. यूपीआयने पैसे जातात तेव्हा त्याची नोंद एका जागी होत नाही. पाठवणाऱ्याच्या बँकेत खर्चाची नोंद होते, घेणाऱ्याच्या बँकेत जमेची होते आणि दोन्ही बँकांच्या मध्ये निरोप पोचवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडेही व्यवहार नोंदला जातो. ॲपचा पडदा हे या नोंदींचं फक्त दर्शन. पडदा बदलणं सोपं असलं तरी तीन वेगवेगळ्या संस्थांच्या हिशोबातली नोंद बदलणं भाडेकरूच्या किंवा घरमालकाच्या हातात नसतं.

या सगळ्या नोंदींना बांधणारा एक धागा असतो, तो म्हणजे बारा अंकी व्यवहार क्रमांक. ॲपवर तो UTR किंवा UPI Ref. No. असा दिसतो आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्येही त्या व्यवहाराच्या ओळीत येतो. ओळीची मांडणी बँकेप्रमाणे बदलते, क्रमांक तोच राहतो. म्हणून स्क्रीनशॉटमधली कामाची गोष्ट हिरवी खूण नाही आणि रक्कमही नाही. हा क्रमांक आहे. तो कापलेला किंवा झाकलेला असेल तर पूर्ण स्क्रीनशॉट मागायचा. "आता सापडत नाही" हे उत्तर स्वीकारू नका, कारण पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो मिळतोच.

काकांनी आपल्या बँकेच्या ॲपमधून त्या महिन्याचं स्टेटमेंट काढलं आणि स्क्रीनशॉटमधला बारा अंकी क्रमांक त्यात शोधला. ओळ सापडली. क्रमांक तोच, तारीख तीच, पाठवणाऱ्याचं नाव तेच. जमा रक्कम १५,०००. म्हणजे व्यवहार खरा होता, त्याच्या चित्रातला एक अंक खोटा होता.

हा शोध इतका सरळ लागतोच असं नाही. दुसरी शक्यता अशी की तो क्रमांक काकांच्या स्टेटमेंटमध्ये कुठेच नाही. इथे घाई करून पोराला चोर म्हणायचं नाही. पुष्कळ ज्येष्ठ मंडळींचं एक खातं पेन्शनचं असतं, दुसरं एखाद्या सहकारी बँकेतलं, आणि मोबाइल नंबरला यूपीआयमध्ये कुठलं खातं जोडलंय हे त्यांना स्वतःलाच आठवत नसतं. मुलाने केव्हातरी ॲप टाकून देताना दुसरंच खातं मुख्य करून ठेवलेलं असतं. सगळ्या खात्यांची स्टेटमेंट पाहिल्याशिवाय "आले नाहीत" म्हणू नये.

तिसरी शक्यता आणखी चमत्कारिक आहे. स्क्रीनशॉट खरा, पैसे पोराच्या खात्यातून वजाही झाले, पण काकांना पोचलेच नाहीत. मधेच कुठेतरी निरोप अडकला. यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या आहेत. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून वजा होऊनही समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर ही मुदत पाच दिवसांची. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. अशा वेळी स्क्रीनशॉट घेतला त्या मिनिटाला जे दिसलं ते खरं असतं, फक्त दोन दिवसांनी ते खरं राहत नाही, कारण पैसे पाठवणाऱ्याकडेच परत गेलेले असतात. म्हणून पोराचंही स्टेटमेंट मागायला हवं, आणि तेही व्यवहाराच्या दिवसापुरतं न मागता पुढच्या आठवड्याभराचं.

स्टेटमेंट मागताना एक काळजी. पीडीएफ फाइलही बदलता येते, पासवर्ड असलेली फाइल उघडून बदल करून पुन्हा जतन करता येते. "पासवर्ड लागतो म्हणजे बँकेचीच आहे" हा समज चुकीचा आहे. समोरच्याने आपल्या फोनवर, आपल्या देखत बँकेचं ॲप उघडून ती ओळ दाखवली तर बरं. मोठी रक्कम असेल तर शाखेतून शिक्का-सहीचा उतारा आणायला सांगा. बँकेच्या वहीतल्या नोंदींच्या प्रमाणित प्रतीला १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टपासून कायद्याने पुरावा म्हणून मान आहे, तिथे स्क्रीनशॉटची मुळी गरजच पडत नाही.

दुकानदारांसाठी यातलं एकच पुरेसं आहे: गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघू नका, आपल्या फोनकडे बघा. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपच्या यादीत रक्कम आली, की मग माल द्या. बँकेचा जमेचा मेसेज अक्षरी नावाने येतो. दहा अंकी मोबाइल नंबरवरून "तुमच्या खात्यात जमा" असा मेसेज आला तर तो बँकेचा नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, नाहीतर cybercrime.gov.in वर तक्रार टाकायची.

चॅटची गोष्ट जास्त अवघड

पेमेंटच्या बाबतीत निदान तिसरा साक्षीदार आहे, बँक. चॅटला तसा कुणी नसतो. व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. एकदा पोचलेला मेसेज कंपनी आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. म्हणजे "पोलिसांनी कंपनीकडून चॅट मागवावं" ही सूचना ऐकायला बरी वाटली, तरी मजकूर तिथे नसतोच. तो असतो दोन फोनांत आणि कुणी घेतला असेल तर बॅकअपमध्ये.

त्यामुळे चॅटच्या स्क्रीनशॉटबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा समोरचा माणूस नक्की कोण? वर दिसणारं नाव त्या माणसाने स्वतः ठेवलेलं नसतं, ज्याच्या फोनवरून स्क्रीनशॉट घेतला त्याने आपल्या यादीत ते ठेवलेलं असतं. मी माझ्याच दुसऱ्या सिमचा नंबर "काका घरमालक" म्हणून साठवला, काकांचा फोटो डीपीला लावला आणि दोन्ही फोनवरून गप्पा मारल्या, तर त्यातला एकही मेसेज एडिट केलेला नसेल. सगळं ॲपमध्येच खरोखर घडलेलं असेल, फक्त काका त्यात नसतील. नाव न दिसता नंबर दिसेल असा पडदा मागायचा तो यासाठीच.

दुसरा प्रश्न, मधलं काय गेलं? व्हॉट्सॲपमध्ये "सर्वांसाठी डिलीट" केलं तर त्या जागी तशी ओळ उरते. "फक्त माझ्यासाठी डिलीट" केलं तर काहीच उरत नाही, वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना येऊन चिकटतात. मे २०२३ पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलताही येतो. तिथे एडिट केल्याची बारीक खूण राहते, पण आधी काय लिहिलं होतं ते सहसा कळत नाही.

आपल्या उदाहरणात तर डिलीट करायचीही गरज पडली नाही. "मिळाले का काका?" याच्या वर आणखी एक मेसेज होता: पोराने करारासाठी आधार आणि पॅनच्या प्रती पाठवल्या होत्या. काकांना मिळाले ते कागद. पोराने स्क्रीनशॉट वरून थोडा कापला आणि शेजारी पेमेंटचा पडदा ठेवला, बस्स. दोन्ही वाक्यं खरी, वेळ खरी, माणसंही खरी. अर्थ तेवढा बदलला. माझ्या मते चॅटच्या स्क्रीनशॉटमधली सगळ्यात जास्त फसवणूक अशीच होते, एडिटिंगचं काही कौशल्य न लावता, नुसतं कापून.

काकांकडे याचा इलाज होता, कारण त्यांचा फोन तोच होता आणि त्यांनी चॅट पुसलं नव्हतं. त्यांच्या फोनवर त्या दिवसाचं संभाषण उघडलं तेव्हा कागदांच्या दोन फोटोंखालीच तो प्रश्न होता. पोराच्या फोनवर तेच चॅट वर सरकवून दाखव म्हटलं, तर ते फोटो तिथे नव्हते, स्क्रीनशॉट पाठवल्यानंतर त्याने ते पुसले होते. दोन फोनांतली तफावत हीच चॅटची खरी परीक्षा. ती द्यायला दोन्ही फोन जागेवर लागतात.

आपली बाजू खरी असलेला माणूस नेमकं इथे नुकसान करून घेतो. रागाच्या भरात समोरच्याला ब्लॉक करतो, चॅट साफ करतो, फोन फॉरमॅट करून भाच्याला देतो आणि "माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत ना" म्हणून निर्धास्त राहतो. वाद होण्याची चिन्हं दिसली की आधी त्या चॅटमधले आपोआप गायब होणारे मेसेज बंद करावेत. फोन बदलू नये. व्हॉट्सॲपच्या मेनूतून पूर्ण चॅट फोटोंसकट एक्सपोर्ट करून ठेवावं, पण त्यातून निघते ती साधी मजकुराची फाइल, तीही कुणालाही बदलता येते. म्हणून ती शोधायला सोयीची प्रत समजावी, मूळ फोनच्या जागी ठेवू नये. स्क्रीनशॉटपेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग बरं: संपर्काचं पान उघडून नंबर दाखवायचा, मग चॅटमध्ये जाऊन तारखेच्या आधीपासून नंतरपर्यंत न थांबता सरकवत जायचं. तेही खोटं करता येतं, पण कापून अर्थ बदलण्याची सोय त्यात राहत नाही.

कोर्टात गेलं तर

स्क्रीनशॉट कोर्टात चालतच नाही, असं नाही. समोरच्याने "हो, हा मेसेज माझाच" असं मान्य केलं तर वाद तिथेच मिटतो, कबूल केलेली गोष्ट वेगळी सिद्ध करावी लागत नाही. प्रश्न येतो तो समोरचा "हे मी लिहिलंच नाही" म्हणाला की.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला. जुन्या कायद्यात ६५-ब म्हणून वकिलांच्या तोंडी असलेलं कलम आता ६३ आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग प्रत देणाऱ्याने भरायचा: कुठलं उपकरण, कुणाच्या ताब्यात, प्रत कशी काढली. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. दोन्हीकडे फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं.

असं प्रमाणपत्र सक्तीचं आहे का, याचा निकाल जुन्या कायद्याखालीच लागला होता, तो आपल्या जालन्याच्या एका प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, असा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशाणराव गोरंट्याल या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते सिद्ध केलं, तर त्याची गरज नाही. प्रमाणपत्र देऊ शकणारा माणूस मागूनही देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून त्याला ते द्यायला लावता येतं. काकांसारख्यांसाठी याचा सरळ अर्थ असा की चॅट असलेला फोन सांभाळला तर तो फोनच घेऊन जाता येतो.

चॅटच्या स्क्रीनशॉटबद्दल थेट उदाहरण हवं असेल तर जुलै २०२४ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल पाहता येईल. ग्राहक तक्रारीत उत्तर दाखल करायला उशीर झाला होता आणि तो का झाला हे दाखवायला एका कंपनीने व्हॉट्सॲप चॅटचा स्क्रीनशॉट जोडला. योग्य प्रमाणपत्राशिवाय तो पुरावा म्हणून वाचता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

आता हॅश. हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं, ही खरेपणाची परीक्षा असणार. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा क्रमांक. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजवर तो असा काढता येतो:

```
certutil -hashfile payment.png SHA256
```

काकांच्या भाडेकरूने ४ चिकटवलेल्या चित्राचा हॅश काढला, तर तो निर्दोष निघेल आणि वर्षभराने पुन्हा काढला तरी तोच येईल. हॅश एवढंच सांगतो की तो काढल्यापासून ही फाइल कुणी बदललेली नाही. हॅश काढण्याच्या आधी त्या चित्रात काय झालं, हे तो सांगू शकत नाही. प्रमाणपत्राचंही तसंच आहे. त्यामुळे चित्र न्यायालयापुढे येतं, त्यातला मजकूर खरा ठरत नाही. तो उलटतपासणीत, दुसऱ्या फोनवरून आणि बँकेच्या नोंदीवरून ठरतो. उलटतपासणीत अंक चिकटवल्याचं उघड झालं, तर मामला डिपॉझिटपुरता राहत नाही. भारतीय न्याय संहितेत बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद करणं कलम ३३६ खाली आणि ती खरी म्हणून वापरणं कलम ३४० खाली गुन्हा आहे.

भाड्याच्या घराच्या बाबतीत हा सगळा घोळ पहिल्याच दिवशी टाळता येतो. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ तसं सांगतं. त्या करारात डिपॉझिटची रक्कम लिहितात, पण ती कशी दिली हे बहुतेक जण मोघम ठेवतात. तिथेच बारा अंकी क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोन्हीकडच्या बँकांची नावं लिहून घ्या. रक्कम दोन हप्त्यांत द्यायची ठरली असेल तर दोन ओळी, दुसरी ओळ "येणे बाकी" म्हणून. करार करून देणारा एजंट "याची काही गरज नसते हो" म्हणेल. त्याला अकरा महिन्यांनी कुणी बोलावणार नसतं.